२९९ की ३१९? रिचार्ज प्लॅनचा रोजचा खर्च असा काढा

रिचार्ज करायला ॲप उघडलं की समोर दोन प्लॅन दिसतात. एक २९९ रुपयांचा, दुसरा ३१९ रुपयांचा. दोन्हींत रोज १.५ जीबी डेटा, दोन्हींत अनलिमिटेड कॉल. साहजिकच बहुतेकांचं बोट २९९ वर जातं. वीस रुपये वाचले असं वाटतं.

पण वर्षभराचा हिशेब केला, तर यांतला ३१९ चा प्लॅन स्वस्त पडतो. २९९ चा प्लॅन २८ दिवस चालतो आणि ३१९ चा पूर्ण कॅलेंडर महिना. किंमत, मुदत आणि डेटा या तिन्ही गोष्टी प्रत्येक प्लॅनमध्ये वेगळ्या असल्यामुळे नुसत्या किमतीकडे बघून काहीच कळत नाही. त्यासाठी सगळे प्लॅन एकाच मापात आणावे लागतात. ते माप म्हणजे रोजचा खर्च.

हा तक्ता कसा बनवायचा आणि त्यातून काय दिसतं, ते पाहूया. उदाहरणासाठी जिओचे ३ जुलै २०२४ पासून लागू झालेले प्रीपेड दर घेतले आहेत. त्याच सुमारास एअरटेल आणि व्हीआय यांनीही दर वाढवले होते. दर आणि प्लॅन सतत बदलतात, काही प्लॅन बंदही होतात. त्यामुळे खालचे आकडे पद्धत समजून घेण्यासाठी आहेत. तुमचा तक्ता भरताना त्या दिवशी ॲपमध्ये दिसणारे आकडेच घ्या.

आधी २८ दिवसांचा महिना समजून घेऊ

आपण घरभाडं, वीजबिल, केबल, दूध असे सगळे खर्च महिन्याच्या हिशेबाने धरतो. त्यामुळे रिचार्जही ‘महिन्याला २९९’ असाच डोक्यात बसतो. बारा महिन्यांचे बारा रिचार्ज, म्हणजे २९९ गुणिले १२, वर्षाचे ३,५८८ रुपये.

पण २८ दिवसांचे बारा रिचार्ज म्हणजे फक्त ३३६ दिवस. वर्षाचे २९ दिवस उरतात. ते भरून काढायला तेरावा रिचार्ज करावा लागतो. तेरा रिचार्जचे ३,८८७ रुपये होतात आणि तरीही ३६४ दिवसच भरतात.

आता ३१९ चा प्लॅन बघा. तो कॅलेंडर महिन्याचा आहे. म्हणजे ५ तारखेला रिचार्ज केला, तर पुढचा रिचार्जही पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला. महिना ३० दिवसांचा असो वा ३१ चा, फरक पडत नाही. त्यामुळे वर्षाचे बरोबर बारा रिचार्ज, ३,८२८ रुपये. तेरा वेळा २९९ भरण्यापेक्षा ५९ रुपये कमी, आणि ३६४ ऐवजी पूर्ण ३६५ दिवस.

असे प्लॅन मिळतात त्यामागे ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, जानेवारी २०२२ चा आदेश आहे. प्रत्येक कंपनीने किमान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि किमान एक दर महिन्याच्या त्याच तारखेला रिचार्ज होणारा ठेवावा, असं त्यात सांगितलं आहे. हे प्लॅन यादीत वर दिसतीलच असं नाही. ते शोधावे लागतात.

तक्ता कसा बनवायचा?

कागद-पेन आणि मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरतो. पण पाच-सहा प्लॅन असतील तर गूगल शीट किंवा एक्सेल सोपं पडतं. पहिल्या तीन स्तंभांत फक्त आकडे भरा. A मध्ये किंमत, B मध्ये मुदतीचे दिवस, C मध्ये पूर्ण मुदतीत मिळणारा एकूण डेटा जीबीमध्ये. पुढच्या तीन स्तंभांत ही सूत्रं टाका आणि खाली ओढा:

```
D2:  =A2/B2
E2:  =A2/C2
F2:  =D2*365
```

D म्हणजे रोजचा खर्च, E म्हणजे एका जीबीचा खर्च आणि F म्हणजे वर्षाचा खर्च.

भरताना तीन गोष्टी सांभाळा. पहिली, B च्या रकान्यात नुसतं 28 लिहा. ‘२८ दिवस’ असं लिहिलं तर शीट त्याला आकडा न मानता मजकूर मानते आणि सूत्र चालत नाही. दुसरी, कॅलेंडर महिन्याच्या प्लॅनसाठी 30 किंवा 31 न लिहिता 30.42 लिहा. ३६५ भागिले १२ केल्यावर महिन्याचे सरासरी दिवस इतके येतात. तिसरी, ‘रोज १.५ जीबी’ आणि ‘एकूण ६ जीबी’ हे वेगवेगळं आहे. रोजच्या डेटाला दिवसांनी गुणूनच C मध्ये टाका. २८ दिवस रोज १.५ जीबी म्हणजे ४२ जीबी.

आठ प्लॅन भरल्यावर तक्ता असा दिसतो:

| किंमत (रु.) | मुदत | डेटा | रोजचा खर्च (रु.) | एका जीबीचा खर्च (रु.) |
|---|---|---|---|---|
| २९९ | २८ दिवस | रोज १.५ जीबी | १०.६८ | ७.१२ |
| ३१९ | कॅलेंडर महिना | रोज १.५ जीबी | १०.४९ | ६.९९ |
| ३४९ | २८ दिवस | रोज २ जीबी | १२.४६ | ६.२३ |
| ७९९ | ८४ दिवस | रोज १.५ जीबी | ९.५१ | ६.३४ |
| ८५९ | ८४ दिवस | रोज २ जीबी | १०.२३ | ५.११ |
| ४७९ | ८४ दिवस | एकूण ६ जीबी | ५.७० | ७९.८३ |
| १,८९९ | ३३६ दिवस | एकूण २४ जीबी | ५.६५ | ७९.१३ |
| ३,५९९ | ३६५ दिवस | रोज २.५ जीबी | ९.८६ | ३.९४ |

तक्त्यातून काय दिसतं?

सगळ्यात आधी ८५९ आणि २९९ यांच्या ओळी शेजारी ठेवा. ८४ दिवसांचा, रोज २ जीबी देणारा प्लॅन रोजच्या हिशेबाने १०.२३ रुपयांना पडतो. २८ दिवसांचा, रोज १.५ जीबीचा प्लॅन मात्र १०.६८ रुपयांना. म्हणजे महागडा दिसणारा प्लॅन रोज अर्धा जीबी जास्त देतो आणि वर ४५ पैसे कमी घेतो. एकदम ८५९ रुपये भरणं शक्य असेल, तर २९९ चा प्लॅन दर वेळी रिचार्ज करण्यात काही फायदा उरत नाही.

दुसरं, १,८९९ च्या प्लॅनची मुदत नीट वाचा. तो बोलताना ‘वर्षाचा प्लॅन’ म्हणून सांगितला जातो, पण तो ३३६ दिवसांचा आहे. ३३६ म्हणजे बारा वेळा २८. खऱ्या वर्षाच्या हिशेबाने त्याचा खर्च सुमारे २,०६३ रुपये होतो. ३६५ दिवसांच्या प्लॅनशी त्याची तुलना करायची असेल, तर हा आकडा धरायला हवा.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. शेवटचे दोन स्तंभ एकमेकांच्या उलट बोलतात. एका जीबीच्या खर्चात ३,५९९ चा प्लॅन सगळ्यांत स्वस्त आहे, जीबीला चार रुपयांहून कमी. त्याच मापाने ४७९ चा प्लॅन सगळ्यांत महाग, जीबीला जवळपास ८० रुपये. पण रोजच्या खर्चात ४७९ चा प्लॅन ५.७० रुपयांना पडतो आणि ३,५९९ चा ९.८६ रुपयांना. मग खरं कोणाचं?

न वापरलेला जीबी फुकट जातो

एका जीबीचा खर्च काढताना आपण असं गृहीत धरतो, की मिळालेला सगळा डेटा वापरला जाणार. प्रत्यक्षात रोजचा कोटा मध्यरात्री नव्याने सुरू होतो आणि आदल्या दिवशीचा उरलेला डेटा बहुतेक प्लॅनमध्ये पुढे जात नाही. व्हीआयच्या काही प्लॅनमध्ये सोमवार ते शुक्रवारचा उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरता येतो, पण सगळीकडे ही सोय नसते.

म्हणून भागाकार मिळणाऱ्या डेटाने करायचा नाही, वापरलेल्या डेटाने करायचा. समजा, एखाद्याच्या घरी आणि ऑफिसात दोन्हीकडे वाय-फाय आहे. मोबाइल डेटा लागतो तो लोकलमध्ये, बाजारात किंवा यूपीआयने पैसे देताना. असा माणूस सरासरी रोज ०.२ जीबी, म्हणजे साधारण २०० एमबी वापरतो. त्याने ७९९ चा प्लॅन घेतला, तर ८४ दिवसांत तो जेमतेम १७ जीबी वापरेल. कागदावर एका जीबीचे ६.३४ रुपये होते. त्याला प्रत्यक्षात तो जीबी सुमारे ४७ रुपयांना पडला.

आता त्याच माणसाने ४७९ चा प्लॅन घेतला असं धरू. त्यात एकूण ६ जीबी मिळतात. १७ जीबीसाठी आणखी ११ लागतील. जुलै २०२४ च्या त्याच यादीत ६ जीबीचा डेटा ॲड-ऑन ६९ रुपयांना होता. असे दोन घेतले की १३८ रुपये. एकूण खर्च ६१७ रुपये आणि मिळाले १८ जीबी. रोजचा खर्च ७.३५ रुपये. ७९९ च्या तुलनेत ८४ दिवसांत १८२ रुपये वाचले.

हे गणित कुठपर्यंत चालतं? ७९९ आणि ४७९ मधला फरक ३२० रुपयांचा. त्यात ६९ रुपयांचे चार ॲड-ऑन बसतात, २७६ रुपयांचे. पाचवा घेतला की ३४५ रुपये होतात आणि मोठा प्लॅन स्वस्त ठरतो. चार ॲड-ऑन धरून छोट्या प्लॅनमध्ये ३० जीबी मिळतात. म्हणजे रोजचा वापर साधारण ३५० एमबीच्या आत असेल तर छोटा प्लॅन, त्याच्यावर गेला तर रोजच्या डेटाचा प्लॅन.

इथे एक अट आहे आणि ती वाचायला विसरू नका. ॲड-ऑनची मुदत किती? काही ॲड-ऑन मूळ प्लॅन असेपर्यंत चालतात. काही एका दिवसात, काही आठवड्यात संपतात. वरचा हिशेब मूळ प्लॅनइतकी मुदत असलेल्या ॲड-ऑनसाठी आहे. ६ जीबीचा ॲड-ऑन सात दिवसांत संपणार असेल, तर रोज २०० एमबी वापरणाऱ्याचे त्यातले साडेचार जीबी वाया जातील आणि सगळं गणित उलटेल.

कोटा रोज संपत असेल तर?

आता उलट बाजू. कोणाचा १.५ जीबीचा कोटा संध्याकाळीच संपतो. त्यानंतर नेट बंद होत नाही, पण वेग ६४ केबीपीएसवर येतो. व्हॉट्सॲपचा साधा मेसेज जातो, फोटो उघडायला वाट बघावी लागते, रील चालतच नाही. मग १९ रुपयांचा १ जीबीचा पॅक मारला जातो.

८४ दिवसांचे दोन प्लॅन बघा. रोज १.५ जीबीचा ७९९ ला, रोज २ जीबीचा ८५९ ला. फरक ६० रुपयांचा, म्हणजे दिवसाला ७१ पैसे. १९ रुपयांचे तीन पॅक घेतले की ५७ रुपये झाले. चौथा घेतला की ७६. म्हणजे ८४ दिवसांत चार वेळा जरी पॅक मारावा लागला, तरी सुरुवातीलाच ८५९ चा प्लॅन घेणं परवडलं असतं. २८ दिवसांच्या प्लॅनमध्ये हीच सीमा तीन पॅकवर येते, कारण २९९ आणि ३४९ मधला फरक ५० रुपयांचा आहे.

५जी फोन असणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा. जुलै २०२४ च्या बदलानंतर जिओने अनलिमिटेड ५जी फक्त रोज २ जीबी किंवा त्याहून जास्त डेटाच्या प्लॅनवर ठेवलं. तुमच्या भागात ५जी सिग्नल नीट मिळत असेल, तर त्या ७१ पैशांत प्रत्यक्ष मिळणारा डेटा अर्ध्या जीबीपेक्षा कितीतरी जास्त होतो. फोन ४जी असेल किंवा गावात ५जी पोहोचलं नसेल, तर तक्त्यात या सोयीची किंमत शून्य धरा.

स्वतःचा वापर कसा मोजायचा?

इथे अंदाज बहुतेक वेळा चुकतो, कारण वाय-फायवर बघितलेले व्हिडिओही आपण मोबाइल डेटात धरतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये डेटा वापराचा विभाग असतो. तिथे मोबाइल डेटा आणि वाय-फाय यांचे आकडे वेगळे दिसतात. मोबाइल डेटाचाच आकडा घ्या आणि तो किती दिवसांचा आहे तेही बघा. आयफोनमध्ये ‘चालू कालावधी’चा आकडा आपोआप शून्यावर येत नाही. तो कधीतरी वर्षांपूर्वीपासून साचलेला असू शकतो. म्हणून आधी आकडेवारी रीसेट करा आणि ३० दिवसांनी बघा.

आलेल्या आकड्याला दिवसांनी भागलं की रोजची सरासरी मिळते. पण सरासरीसोबत कोटा संपल्याचा मेसेज महिन्यात किती वेळा आला, तेही मोजा. रविवारी ३ जीबी आणि बाकी दिवस अर्धा जीबी वापरणाऱ्याची सरासरी एक जीबीच्याही खाली येते. तरी त्याचा १.५ जीबीचा कोटा महिन्यातून चार वेळा संपतो.

फक्त कॉल लागत असतील तर?

आजी-आजोबांचा साधा बटणांचा फोन, किंवा फक्त ओटीपीसाठी चालू ठेवलेलं दुसरं सिम. यांना डेटा लागतच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम बदलून कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन देणं बंधनकारक केलं. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये असे प्लॅन आले. जिओचा ४४८ रुपयांचा ८४ दिवसांचा प्लॅन रोजचे ५.३३ रुपये पडतो, एअरटेलचा ४६९ रुपयांचा ८४ दिवसांचा प्लॅन ५.५८ रुपये.

शीटमध्ये हे प्लॅन भरताना C मध्ये शून्य येतं आणि E मध्ये `#DIV/0!` असं दिसतं. घाबरू नका, शून्याने भागता येत नाही एवढंच शीट सांगते. अशा प्लॅनची तुलना फक्त रोजच्या खर्चावर करायची. घरातल्या साध्या फोनवर सवयीने ७९९ चा प्लॅन मारला जात असेल, तर दर ८४ दिवसांना ३५१ रुपये न वापरलेल्या डेटावर जात आहेत.

पोस्टपेडशी तुलना करताना

प्रीपेडच्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. पोस्टपेडची जाहिरातीतली किंमत साधारणपणे जीएसटी सोडून असते. त्यामुळे ३४९ रुपयांचा पोस्टपेड प्लॅन बिलात ४११.८२ रुपये होतो. बारा महिन्यांचे ४,९४२ रुपये, रोजचे १३.५४. तोच ३४९ चा आकडा प्रीपेडमध्ये रोजचे १२.४६ होतो. म्हणून पोस्टपेडची किंमत तक्त्यात टाकताना आधी १.१८ ने गुणा.

तसंच काही पेमेंट ॲप रिचार्जवर एक-दोन रुपये वेगळे घेतात. ते किमतीत मिळवा. वर्षातून एकदाच रिचार्ज करणाऱ्याला ते जाणवणार नाहीत, तेरा वेळा करणाऱ्याचे मात्र सव्वीस रुपयांपर्यंत जातील.

रोजचा खर्च काय सांगत नाही?

तक्त्यात ३,५९९ चा वर्षाचा प्लॅन रोजचे ९.८६ रुपये दाखवतो आणि ८५९ चा १०.२३. वर्षभरात फरक सुमारे १३४ रुपयांचा. त्यासाठी ३,५९९ रुपये एकदम गुंतवावे लागतात. घराच्या बजेटमध्ये एवढी रक्कम एकाच महिन्यात काढणं सगळ्यांना जमत नाही. शिवाय मध्येच नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट केला, तर उरलेली मुदत आणि डेटा बुडतो. नवीन घरी नेटवर्क मिळेल का याची खात्री नसेल, नोकरीसाठी शहर बदलणार असाल, तर लांब मुदतीचा प्लॅन रोजच्या खर्चात स्वस्त दिसूनही महाग पडू शकतो.

दुसऱ्या बाजूला, लांब मुदतीचा एक फायदाही तक्त्यात दिसत नाही. दर वाढले तरी आधी भरलेल्या प्लॅनला धक्का लागत नाही. जिओचा हाच रोज २.५ जीबीचा वर्षाचा प्लॅन ३ जुलै २०२४ च्या आधी २,९९९ रुपयांना होता. दरवाढीच्या आदल्या आठवड्यात तो घेतलेल्यांना पुढचं जवळपास पूर्ण वर्ष रोजचे ८.२२ रुपयेच पडले.

आणि सगळ्यांत शेवटी, नेटवर्क. घरात एकाच कंपनीचा सिग्नल मिळत असेल, तर दुसऱ्या कंपनीची ओळ तक्त्यात कितीही स्वस्त दिसली तरी ती खोडून टाका. तक्त्यात तेच प्लॅन ठेवा, जे तुमच्या घरी, कामाच्या ठिकाणी आणि रोजच्या रस्त्यावर खरोखर चालतात. मग आधी स्वतःचा वापर बघून डेटा कमी पडणारे प्लॅन काढा, आणि उरलेल्यांत रोजचा खर्च सगळ्यांत कमी कुठे आहे ते बघा.